एकच फ्लास्क, दोन आलेख: ई. कोलायच्या वाढीच्या प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी

जीवाणूंच्या वाढीचा आलेख सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने कधी ना कधी काढलेला असतो. आडवी रेघ, मग चढ, मग पठार, मग उतार. लॅग, लॉग, स्टेशनरी, डेथ. पण त्या उभ्या अक्षावर नेमकं काय मोजलंय, हे फारसं कुणी विचारत नाही. बहुतेक वेळा तिथे ओडी असते, म्हणजे ६०० नॅनोमीटरच्या प्रकाशात दिसणारा गढूळपणा. गढूळपणा हा ढोबळमानाने पेशींच्या एकूण ऐवजाचा, म्हणजे वस्तुमानाचा, अंदाज असतो. पेशी किती आहेत, हे त्यातून थेट कळत नाही, आणि त्यातल्या जिवंत किती, हे तर अजिबातच कळत नाही. या प्रकल्पात एकाच कल्चरची ओडी आणि प्लेटवरची मोजणी शेजारी शेजारी ठेवायची आहे. दोन्ही कुठे एकत्र चालतात आणि कुठे वेगळ्या वाटेने जातात, ते पाहायचं. माझा अंदाज असा की चारही अवस्थांत पेशीच्या आत काय चाललंय, हे जिथे दोन्ही आकडे जुळत नाहीत तिथेच जास्त कळेल.

स्ट्रेन ई. कोलाय के-१२ एमजी१६५५. माध्यम एलबी: लिटरला ट्रिप्टोन १० ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ५ ग्रॅम, मीठ १० ग्रॅम, पीएच ७. अडीचशे मिलीच्या फ्लास्कमध्ये फक्त ५० मिली माध्यम घेतलं, कारण यापेक्षा जास्त भरलं तर हवा कमी पडते आणि पठार लवकर येतं. मग तो परिणाम पोषणाचा की ऑक्सिजनचा, हे सांगता येत नाही. ३७ अंश, २०० आरपीएम.

एकाच बॅचचे दोन जुळे फ्लास्क ठेवले आहेत. पहिल्या बारा तासांचे नमुने एकातून, पुढच्या दिवसांचे दुसऱ्यातून. एकाच फ्लास्कमधून सतत नमुने काढत राहिलं की पातळी खाली जाते आणि हवा खेळण्याचं प्रमाणच बदलतं. दुसऱ्या फ्लास्कचं वजन करून ठेवलं. दहा दिवसांत पाणी उडणार, तेव्हा नमुन्याचं वजन वजा धरून दर वेळी जेवढी घट तेवढं निर्जंतुक डिस्टिल्ड वॉटर घालायचं. नाहीतर बाष्पीभवनामुळेच संख्या वाढल्यासारखी दिसेल.

संध्याकाळी एका कॉलनीपासून ओव्हरनाइट कल्चर लावलं.

३ फेब्रुवारी

ओव्हरनाइट कल्चरची ओडी २० पट विरल करून ०.२० आली, म्हणजे मूळ ४.०. ४९.५ मिली गरम एलबीत त्यातलं अर्धा मिली घातलं. माध्यम आधीच ३७ अंशाला आणून ठेवलं होतं. थंड माध्यमात टाकलं असतं तर लॅगमध्ये तापमानाचा धक्काही मिसळला असता.

पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी नमुना. एक भाग ओडीसाठी, एक भाग ०.८५ टक्के सलाइनमध्ये दसपट-दसपट विरल करून लगेच प्लेटवर. प्रत्येक पायरीला नवीन टिप, कारण टिपच्या आतल्या भिंतीला चिकटलेला एक थेंबसुद्धा पुढची पायरी बिघडवतो. प्रत्येक नमुन्याच्या तीन प्लेट.

आजची ओडी:

सुरुवातीला ०.०४०, १५ मिनिटांना ०.०४५, ३० ला ०.०६२, ४५ ला ०.०९८, ६० ला ०.१६, ७५ ला ०.२६, ९० ला ०.४३, १०५ ला ०.६६, १२० ला ०.९५. चार तासांना २.९, सहा तासांना ३.८, आठ तासांना ४.१, बारा तासांना ४.२.

०.४ च्या वरचं प्रत्येक वाचन ताज्या एलबीत विरल करून घेतलं आहे. हे किती गरजेचं आहे ते पाहायला सहा तासांचा नमुना दोन्ही प्रकारे वाचला. सरळ वाचला तर १.६. दहा पट विरल करून वाचला तर ०.३८, म्हणजे खरी किंमत ३.८. पेशी दाट झाल्या की एका पेशीने बाजूला फेकलेला प्रकाश दुसरी पेशी परत डिटेक्टरकडे वळवते आणि यंत्राला नमुना आहे त्यापेक्षा कमी गढूळ वाटतो. अशा वाचनांवरून काढलेल्या आलेखात पठार खऱ्यापेक्षा लवकर आणि खूप खाली येतं. कुणाचा एलबीतला आलेख दीडच्या आसपास सपाट झालेला दिसला, तर आधी विचारावं: विरल करून वाचलं होतं का?

४ फेब्रुवारी, सकाळ

कालच्या प्लेट मोजल्या. सुरुवातीच्या नमुन्याच्या, एक लाख पट विरल केलेल्या तीन प्लेटवर ३६, ४१ आणि ३७ कॉलनी. प्लेटवर ०.१ मिली पसरवलं होतं, म्हणून सरासरी ३८ गुणिले १० गुणिले एक लाख, म्हणजे मिलीला ३.८ कोटी.

या आकड्यावर किती विसंबायचं, तेही इथेच लिहून ठेवते. तीन प्लेटवर मिळून ११४ कॉलनी आहेत. अशा मोजणीतला निव्वळ योगायोगाचा चढउतार साधारण वर्गमूळाएवढा असतो, म्हणजे ११ च्या आसपास, जवळजवळ दहा टक्के. म्हणजे ३.८ कोटी आणि ३.७ कोटी यांत फरक आहे असं म्हणायला आधार नाही. आणखी एक गोष्ट, प्लेट जिवंत पेशी मोजत नाही. कॉलनी करू शकणारी एकके, म्हणजे CFU, मोजते. विभागून अजून न सुटलेल्या दोन पेशी एकत्र पडल्या तर एकच कॉलनी दिसते.

मोजणी, मिलीला: सुरुवातीला ३.८ कोटी, १५ मिनिटांना ३.७, ३० ला ३.९, ४५ ला ४.६, ६० ला ६.८, ७५ ला ११, ९० ला १८ कोटी.

आता ही ओळ ओडीच्या ओळीशेजारी ठेवली. ३० मिनिटांना ओडी ०.०४० वरून ०.०६२ वर गेली आहे, म्हणजे दीडपटीहून जास्त. पण पेशींची संख्या जागची हललेली नाही. लॅगमध्ये काहीच घडत नाही ही समजूत या दोन आकड्यांपुढे टिकत नाही. पेशी विभागत नव्हत्या, पण फुगत होत्या.

लॅग किती लांब होता हे नजरेने ठरवू नये. सरळ चढणारी रेघ मागे वाढवून ती सुरुवातीच्या पातळीला कुठे भेटते, ते पाहायचं. आधी दुप्पट होण्याचा वेळ:

```
td = t × ln2 / ln(N2/N1)

OD  : 30 × 0.693 / ln(0.43/0.16) = 21.0 min
CFU : 30 × 0.693 / ln(18/6.8)    = 21.4 min
```

६० ते ९० मिनिटांत दोन्ही मोजण्या जवळजवळ एकच वेग दाखवतात. ०.०४ ची ०.१६ व्हायला दोनदा दुप्पट व्हावं लागतं, म्हणजे ४२ मिनिटं. ती ६० मधून वजा केली की ऐवजाचा लॅग उरतो १८ मिनिटं. संख्येसाठी तोच हिशोब केला तर ३.८ कोटींचे १८ कोटी व्हायला ४८ मिनिटं लागली असती. ९० वजा ४८, लॅग ४२ मिनिटं.

एकाच फ्लास्कचे दोन लॅग. एक १८ मिनिटांचा, दुसरा ४२.

४ फेब्रुवारी, दुपार

हे २४ मिनिटांचं अंतर कुठून आलं, ते मॅडमशी बोलताना नीट उलगडलं. त्या म्हणाल्या, "आधी जुन्या पेशीचा विचार कर. ती ताज्या माध्यमात आली तेव्हा तिच्याकडे काय होतं?"

ओव्हरनाइट कल्चरमधली पेशी उपाशी असते. तिचे बरेचसे रायबोझोम जोडीजोडीने एकमेकांना बांधून बंद ठेवलेले असतात. हायबरनेशनची प्रथिनं ते काम करतात. ताजं अन्न मिळालं की या जोड्या काही मिनिटांतच सुटतात, म्हणून प्रथिनं बनवणं लवकर सुरू होतं. पण रायबोझोम सुटले तरी ते संख्येने थोडे असतात. २४ मिनिटांना दुप्पट होणाऱ्या ई. कोलायच्या पेशीत सुमारे ७० हजार रायबोझोम असतात, तर १०० मिनिटांना दुप्पट होणाऱ्या पेशीत ७ हजारांच्याही खाली. संथ जगणाऱ्या पेशीला वेगात यायचं तर आधी कारखानाच वाढवावा लागतो. म्हणून लॅगमधली पेशी सर्वांत आधी रायबोझोम बनवते, सोबत खराब झालेली प्रथिनं आणि डीएनए दुरुस्त करते, धातूंचे आयन आत ओढते. साल्मोनेलावरच्या २०१२ च्या एका कामात लॅगमध्ये पेशीत लोह, मँगनीज आणि कॅल्शियम साठताना दिसलं होतं. या सगळ्यात ऐवज वाढतो, म्हणून ओडी लवकर चढते.

विभागणीचं गणित वेगळं आहे. वेगाने वाढणाऱ्या ई. कोलायला पूर्ण गुणसूत्राची नक्कल करायला सुमारे ४० मिनिटं लागतात आणि नक्कल संपल्यावर पेशी दोन व्हायला आणखी सुमारे २०. कूपर आणि हेल्मस्टेटर यांनी १९६८ मध्ये हे मांडलं. उपाशी होताना बहुतेक पेशींनी हातातली नक्कल संपवलेली असते आणि नवी सुरू केलेली नसते. त्यामुळे ताज्या माध्यमात आल्यावर पेशी पुरेशी मोठी होईपर्यंत नक्कल सुरूच होत नाही, आणि सुरू झाली तरी तिची विभागणी तासाभराने. काही पेशींत आधीच दोन पूर्ण गुणसूत्रं असतात. त्या लवकर विभागू शकतात, आणि ४५ मिनिटांना दिसलेली थोडीशी वाढ बहुधा त्यांची असावी. तोपर्यंत बाकीच्या नुसत्या लांब होत राहतात.

मग तासाभराचा हिशोब असताना लॉगमध्ये २१ मिनिटांना विभागणी कशी होते? पहिली नक्कल संपायच्या आत पुढची सुरू होते, आणि कधी कधी तिच्याही पुढची. जन्माला येणाऱ्या पेशीत नातवंडांसाठीची नक्कल आधीच चालू असते. लॉगमधल्या पेशीच्या आकाराचं कारण इथेच आहे.

ते डोळ्यांनी पाहिलं. ओव्हरनाइट आणि ९० मिनिटांचा, असे दोन ओले नमुने, १०० पट ऑइल लेन्सखाली. उष्णता देऊन स्लाइडवर पक्क्या केलेल्या पेशी आक्रसतात, म्हणून मुद्दाम रंग न देता फेज कॉन्ट्रास्टमध्ये. ओव्हरनाइटच्या पेशी आखूड, काही तर जवळजवळ गोल, सव्वा-दीड मायक्रोमीटरच्या. ९० मिनिटांच्या पेशी जाड आणि लांब, तीन-चार मायक्रोमीटरच्या. अनेकींच्या कमरेला खाच पडलेली, आणि काही जोड्या एकमेकींना टोकाशी धरून वाकलेल्या. हे वेगवेगळे जीव आहेत असं कुणी सांगितलं असतं तर पटलं असतं. आकड्यांतही तेच दिसतं. सुरुवातीला ओडीच्या एका एककामागे ९५ कोटी कॉलनी होत होत्या, ९० मिनिटांना फक्त ४२ कोटी. म्हणजे ओडीच्या हिशोबाने सरासरी पेशी दुपटीहून मोठी झाली आहे. शॅक्टर, मॉलो आणि केल्डगार्ड यांनी १९५८ मध्ये साल्मोनेलावर हाच नियम दाखवला: पेशी जितकी वेगाने वाढते तितकी ती मोठी आणि आरएनएने भरलेली असते.

त्यामुळे "ओडी १ म्हणजे मिलीला ८० कोटी पेशी" हा सगळीकडे वापरला जाणारा आकडा मी माझ्या वहीत वापरणार नाही. तो अवस्थेनुसार दुपटीने बदलतोय.

४ फेब्रुवारी, रात्र

लॉगच्या शेवटाबद्दल. ६० ते ९० मध्ये २१ मिनिटं असलेला वेळ पुढच्या पंधरा मिनिटांत २४ वर आणि त्यापुढच्या पंधरांत २९ वर गेला. म्हणजे ओडी १ च्याही आधी वेग पडायला लागला होता. अर्धलॉग कागदावर हा वाक इतका सौम्य असतो की दोन तासांपर्यंत सरळ रेघ ओढायचा मोह होतो.

एलबीत हे होणारच. एलबी गर्द पिवळं आणि भरपूर दिसतं, पण ई. कोलायला वापरता येईल अशी साखर त्यात फारच थोडी असते. ओडी ०.३ च्या आसपास ती संपते आणि पेशी अमिनो आम्लांवर जगायला लागते, एक संपलं की दुसरं. त्यानंतरची वाढ ही स्थिर वेगाची लॉग वाढ नसतेच, ती सतत मंदावत जाणारी वाढ असते. म्हणून ज्यांना खऱ्या लॉगमधल्या पेशी हव्यात त्यांनी ०.३ च्या आतच काढाव्यात. "मिड-लॉग म्हणजे ओडी ०.६" हे वाक्य ठरलेलं आहे, पण एलबीत ते चालत नाही. ग्लुकोज घातलेल्या मिनिमल माध्यमात ती अडचण कमी, फक्त तिथे दुप्पट व्हायला तासाच्या आसपास लागतो.

अमिनो आम्लं जाळली की त्यातला नायट्रोजन अमोनिया होऊन बाहेर पडतो. आज २४ तासांच्या नमुन्याचा पीएच ८.८ होता, सुरुवातीला ७ होता. नमुन्याचा वासही बदलतो.

५ फेब्रुवारी

आठ आणि बारा तासांच्या प्लेट काल सकाळी मोजण्याएवढ्या मोठ्या झाल्या नव्हत्या. त्या आणि २४ तासांच्या, अशा सगळ्या आज मोजल्या.

चार तासांना १७० कोटी, सहा तासांना २८०, आठ तासांना ३६०, बारा तासांना ४१०, चोवीस तासांना ३७० कोटी. ओडी मात्र आठ तासांना ४.१ आणि बारा तासांना ४.२.

लॅगमध्ये जे दिसलं त्याच्या उलट इथे. ऐवज जवळपास थांबला आहे आणि संख्या अजून वाढते आहे. पेशी मोठ्या न होताच विभागतायत. सुरू असलेल्या नकला पूर्ण होतात, त्या मार्गी लागलेल्या विभागण्या होतात, पण नव्या नकला सुरू होत नाहीत. दर विभागणीला पेशी आखूड होत जाते. शेवटी ओडीच्या एककामागे पुन्हा ९८ कोटी. म्हणजे ३ तारखेला ओव्हरनाइट कल्चर ज्या आकड्यावर होतं तिथेच कल्चर परत आलं.

स्टेशनरी अवस्थेला पठार म्हणतात, पण त्या पठारावर पेशी नुसती बसलेली नसते. अमिनो आम्ल कमी पडलं की रिकामा टीआरएनए रायबोझोमवर येतो, रेलए हे एन्झाइम ते ओळखतं आणि पीपीजीपीपी हा संदेश-रेणू बनवतं. तो वाढला की नवे रायबोझोम बनवणं बंद. त्याच बरोबर आरपीओएस हा सिग्मा घटक साठायला लागतो आणि जनुकांचा एक मोठा संच सुरू करतो. डीपीएस प्रथिन डीएनएला घट्ट वेढून त्याला ऑक्सिडेशनपासून वाचवतं. कॅटॅलेज वाढतं. पटलातल्या असंपृक्त मेदाम्लांवर सायक्लोप्रोपेन वलयं बसतात आणि पटल अधिक टिकाऊ होतं. म्हणूनच स्टेशनरीतली पेशी उष्णता, आम्ल आणि पेरॉक्साइड लॉगमधल्या पेशीपेक्षा खूप जास्त सोसते. पेनिसिलिनसारखी भिंत बांधताना मारणारी औषधंही तिच्यावर फारशी चालत नाहीत, कारण ती भिंत बांधतच नसते.

७ फेब्रुवारी

४८ तासांचा नमुना: ओडी ४.०, मोजणी १९० कोटी. ७२ तासांचा, कालचा: ओडी ३.७, मोजणी १६ कोटी.

काल प्लेट लावताना फ्लास्क दिव्यासमोर धरून पाहिला होता. पहिल्या दिवसासारखाच दाट, ढवळल्यावर तसेच रेशमी भोवरे. आज कळलं की त्यातल्या शंभरातल्या चारच पेशी कॉलनी करू शकतात. ओडीवरून डेथ अवस्था सुरू झाली आहे हे समजलंच नसतं. मेलेली पेशी लगेच फुटत नाही, तिचं कवच शाबूत असतं आणि ते प्रकाश पूर्वीसारखाच विखुरतं. ज्या आलेखांत ओडीची रेघ शेवटी सुबक उतरते, तिथे पेशी फुटतायत किंवा गुठळ्या होऊन तळाला बसतायत. उतार दिसायचाच तर प्लेटवर दिसतो.

४८ ते ७२ तासांत शंभरातल्या साधारण आठ उरल्या. सगळ्या एकदम मरत नाहीत. ठरावीक वेळात ठरावीक हिस्सा मरतो, म्हणून उतारही अर्धलॉग कागदावर सरळ येतो. उपाशी पेशीला पटलाचा विभव टिकवायला, दुरुस्तीला, नुसतं जिवंत राहायला ऊर्जा लागते आणि बाहेरून ती मिळत नाही. प्रथिनांचं ऑक्सिडेशन साठत जातं, आणि वर इथे पीएचही चढलेला आहे. मेलेल्या पेशींतून जे झिरपतं ते उरलेल्यांचं अन्न होतं, म्हणून प्रत्येक मरण बाकीच्यांचा वेळ थोडा लांबवतं.

कॉलनी झाली नाही म्हणजे पेशी मेलीच, असं मात्र नाही. काही पेशींचं पटल शाबूत असतं पण प्लेटवर त्या वाढत नाहीत. प्रोपिडियम आयोडाइडने ज्यांचं पटल फाटलं आहे त्याच पेशी लाल दिसतात. त्यामुळे या नोंदीत "मेलेल्या" म्हणजे "कॉलनी न करणाऱ्या" असंच वाचावं.

९ फेब्रुवारी

काल पाचव्या दिवसाच्या फ्लास्कमधून अर्धा मिली घेऊन ताज्या ४९.५ मिली एलबीत घातलं. अगदी ३ तारखेसारखंच. सुरुवातीची ओडीही जवळपास तेवढीच, ०.०३४. मग ६० मिनिटांना ०.०३४, १२० ला ०.०३६, १५० ला ०.०४१, १८० ला ०.०५३, २१० ला ०.०८५, २४० ला ०.१७.

आलेख पाहणारा कुणीही म्हणेल, जुन्या पेशींचा लॅग तीन तासांचा. कालपर्यंत मीही वहीत तसंच लिहिलं असतं, पण सोबतच्या प्लेट आज मोजल्या. पाचव्या दिवसाच्या फ्लास्कमध्ये मिलीला ३.५ कोटी. म्हणजे नव्या फ्लास्कमध्ये सुरुवातीला मिलीला फक्त ३.५ लाख. ६० मिनिटांना ३.४ लाख, १२० ला १२ लाख, १८० ला ८१ लाख.

१२० मिनिटांना ओडी सपाट होती, आणि त्याच वेळी कॉलनी करणाऱ्या पेशी तिपटीहून जास्त झाल्या होत्या आणि २२ मिनिटांच्या आसपास दुप्पट होत धावत होत्या. त्या दिसत नव्हत्या, कारण ०.०३४ ही ओडी जवळजवळ सगळीच मेलेल्या पेशींची होती. ३.५ लाखांना ३ तारखेच्या ३.८ कोटींपर्यंत पोचायलाच जवळपास सात वेळा दुप्पट व्हावं लागतं. म्हणजे सव्वादोन तासांहून जास्त वेळ नुसता अंक भरून काढण्यात जातो. त्याला लॅग म्हणणं चूक आहे.

खरा लॅग काढायला प्रत्येक वाचनातून ०.०३४ वजा केले. २४० मिनिटांना वाढलेला भाग ०.१३६. सुरुवातीला जिवंत पेशींची ओडी किती? ९५ कोटींमागे एक या हिशोबाने ३.५ लाखांची ०.०००३७. तिथून ०.१३६ पर्यंत साडेआठ वेळा दुप्पट, २१ मिनिटांच्या वेगाने १७९ मिनिटं. २४० वजा १७९, म्हणजे ६१ मिनिटं. ओव्हरनाइट पेशींना १८ लागली होती. तेव्हा जुन्या पेशींना उठायला वेळ जास्त लागतो हे खरंच आहे, दुरुस्तीचं काम जास्त साचलेलं असतं. पण तीन तासांपैकी एकच तास त्यांचा.

या ६१ मिनिटांवरही फार भार टाकायचा नाही. सगळ्या पेशी एका वेळी उठत नाहीत. ज्या लवकर उठतात त्या लगेच दुप्पट होऊ लागतात आणि सरासरीवर त्यांचाच जोर राहतो. पेशीगणिक लॅग किती, हे पाहायचं तर मायक्रोस्कोपखाली अगारच्या पातळ थरावर एकेक पेशी धरून पाहावी लागेल.

मॅडमना दाखवलं. त्यांनी ताळा म्हणून उलट बाजू करायला सांगितली: ओडी ०.२ वरच्या लॉगमधल्या पेशी त्याच तापमानाच्या त्याच माध्यमात हलवायच्या. दुपारी केलं. ओडीत लॅग शून्य, पहिल्या वाचनापासून सरळ रेघ. तेव्हा लॅग हा माध्यमाचा गुण नाही. पेशी कुठून आली, यावर तो अवलंबून आहे.

१४ फेब्रुवारी

दहाव्या दिवसाचा नमुना: ओडी २.९, मोजणी २ कोटी. पाचव्या दिवशी ३.५ कोटी होत्या, म्हणजे उतार जवळजवळ थांबला आहे. डेथ अवस्थेची रेघ शून्याकडे जाते असं चित्रांत दाखवतात, पण एलबीतल्या ई. कोलायची तशी जात नाही. पाणी भरत राहिलं तर अशी कल्चर महिनोन् महिने, वर्षानुवर्षं टिकवता आली आहेत.

आत मात्र त्याच पेशी राहत नाहीत. रॉबर्टो कोल्टर यांच्या गटाने १९९३ मध्ये दाखवलं की दहा दिवसांच्या कल्चरमधल्या थोड्या पेशी एका दिवसाच्या कल्चरमध्ये मिसळल्या, तर त्या तिथे वाढतात आणि तरुण पेशींची जागा घेतात. त्या पेशींत आरपीओएसचं जनुक बदलून कमजोर झालं होतं. स्टेशनरीत वाचवणारा तोच घटक दीर्घ उपासमारीत अडसर ठरतो. संरक्षणावर कमी खर्च करून मेलेल्यांची अमिनो आम्लं पटकन उचलणारी पेशी पुढे जाते. मोजणी स्थिर असली तरी त्याखाली काही मरतायत आणि काही वाढतायत.

आजच्या प्लेटवर कॉलनी एकसारख्या नाहीत. काही नेहमीच्या, काही स्पष्टपणे लहान, एक-दोन कडेने पसरट. पहिल्या दिवसाच्या प्लेट काढून शेजारी ठेवल्या, त्यांवर असा फरक नाही. नेहमीच्या आणि लहान, दोन्ही प्रकारच्या कॉलनी आणि पहिल्या दिवसाची एक, वेगवेगळ्या ट्यूबमध्ये रात्रभर वाढवायला लावल्या. उद्या समान ओडीला आणून प्रत्येकीवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकायचा. ई. कोलायचं एक कॅटॅलेज आरपीओएसवर अवलंबून असतं, त्यामुळे जिथे आरपीओएस कमजोर झालं आहे तिथे बुडबुडे कमी यायला हवेत. ही फक्त खूण आहे, पुरावा नाही. दुसरं कॅटॅलेज आरपीओएसशिवायही चालतं आणि थोडे बुडबुडे सगळ्यांत येणारच. ज्या ट्यूबमध्ये फरक दिसेल तिचा २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशाला स्टॉक करायचा आणि त्यातल्या आरपीओएस जनुकाचं सिक्वेन्सिंग करून घ्यायचं. दिसला नाही तरी लहान कॉलनींचा स्टॉक ठेवायचाच, कारण दीर्घ उपासमारीत बदलणारी जनुकं आरपीओएसपुरती नसतात.